वहीतले आणि आठवणीतले

“तुम्ही तीस वर्षांपूर्वीचं इतकं बारीकसारीक कसं लिहिता? सगळं आठवतं, का जुन्या डायऱ्यांतून काढता? आणि डायरीत काही लिहिलेलंच नसेल तर?”

दोन्हींचा आधार घेते, पण दोन्हींना सारखे मानत नाही. कोणत्या वाक्यासाठी कोणाची साक्ष चालेल हे ठरवण्यातच लेखाचा निम्मा वेळ जातो. किल्लारीच्या भूकंपावर लिहिताना एका पानाने मला जितके अडवले तितके दुसऱ्या कशाने अडवले नाही, म्हणून त्या पानाविषयीच सांगते.

१९९३ साली मी लातूरला अकरावीत होते. वडिलांना दुकानात भेट म्हणून आलेली, प्रत्येक तारखेला एक छापील पान असलेली डायरी त्यांनी मला दिली होती. ती पुन्हा उघडण्यापूर्वी मी एक गोष्ट नेमाने करते: त्या दिवसाविषयी जे आठवते ते वेगळ्या कागदावर लिहून काढते आणि खाली आजची तारीख घालते. एकदा डायरी वाचली की आपल्याला मुळात काय आठवत होते आणि वाचल्यामुळे काय आठवू लागले, हे पुढे वेगळे करता येत नाही. त्या कागदावर मी लिहिले होते की पहाटे आम्ही किट्ट काळोखात अंगणात धावलो, धाकटा भाऊ माझा हात सोडत नव्हता, आणि आजोबा कंदील धरून दारात उभे राहून “कोणी आत जाऊ नका” असे पुन्हा पुन्हा सांगत होते.

मग डायरी उघडली. ३० सप्टेंबरच्या पानावर तीनच वाक्ये होती: “पहाटे चारच्या सुमारास मोठा भूकंप. सगळे अंगणात पळालो. किल्लारी, सास्तूरकडे हजारो माणसे गेली.” त्यापुढची पाने ९ ऑक्टोबरपर्यंत कोरी.

पहिली शंका त्या तिसऱ्या वाक्याने आणली. धक्का बसला ३ वाजून ५६ मिनिटांनी. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद असलेली घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण हा आकडा दिवसागणिक वाढत गेला, आणि लातूरच्या आमच्या गल्लीत त्या सकाळी तो कोणाला कळणे शक्य नव्हते. म्हणजे ती नोंद त्या दिवशीची नसावी. मी शाई पाहिली. २९ तारखेचे पान निळ्या शाईत आहे, ३० तारखेचे काळ्या शाईत, आणि तीच काळी शाई १० ऑक्टोबरपासून पुढे आठवडाभर चालू राहते. पानावर छापलेली तारीख हीच लिहिल्याची तारीख, असे आपण सहज धरून चालतो, पण डायरीत मागची पाने नंतर भरली जातात. ते ओळखण्याच्या माझ्या खुणा दोनच आहेत: त्या दिवशी ठाऊक असणे शक्य नव्हते अशी माहिती, आणि शाई किंवा अक्षराचा बदल. तेव्हा माझ्या हातात जे होते तीही एक आठवणच होती, फक्त तीस वर्षांची नसून बहुधा दहाएक दिवसांची.

दुसरी शंका पंचांगाने आणली. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जनाची मिरवणूक उरकून लोक उशिरा झोपले होते. चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेची आदली रात्र. पहाटे चारला जवळजवळ पूर्ण चंद्र पश्चिमेला अजून बराच वर असणार, मग माझ्या आठवणीतला किट्ट काळोख कुठला? आभाळ भरलेले असू शकते, आणि पंचांग ढगांविषयी काही सांगत नाही. त्यामुळे आठवण खोटी ठरत नाही, परंतु तिच्यावर खूण करावी लागते.

त्यानंतर आजोबा. २८ सप्टेंबरच्या पानावर स्पष्ट लिहिले आहे की ते औशाला आत्याकडे गेले. परत कधी आले याची नोंद नाही. ताई म्हणते की भूकंपाच्या रात्री ते घरी नव्हतेच आणि त्यांची काळजी करत आई दिवसभर रडत होती. भाऊ म्हणतो की होते. पुढे वाचत गेले तेव्हा १४ ऑक्टोबरला ही ओळ सापडली: “अजून बाहेरच झोपतो. लाईट गेली. आजोबांनी कंदील बाजेजवळ ठेवला आणि कोणाला आत जाऊ दिले नाही.” त्या दिवसांत लहान धक्के थांबत नव्हते आणि सगळी गल्ली उघड्यावर झोपत होती. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, म्हणजे रात्र खरोखरच काळोखी होती. कंदील, काळोख आणि आजोबांचा शब्द हे तिन्ही बहुधा खरे आहेत, पण रात्र दुसरी आहे.

हे माझ्यापुरतेच नाही, हे मला उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून कळले. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी तुम्हाला कशी कळली’ हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी तेच पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरे बदलली होती आणि तरी खात्री पक्की होती. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे: स्वतःच्या हस्ताक्षरातला पहिला कागद दाखवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही. १४ ऑक्टोबरची नोंद वाचूनही माझ्या डोळ्यांपुढे आजोबा ३० सप्टेंबरलाच उभे राहतात, याचे त्यामुळे मला आता नवल वाटत नाही.

लेखात मी शेवटी असे लिहिले: “त्या पहाटे आम्ही अंगणात पळालो, एवढेच डायरीत आहे. आजोबा कंदील घेऊन उभे असल्याचे मला आठवते. तो कंदील दोन आठवड्यांनंतरच्या रात्रीचा असण्याची शक्यता अधिक आहे.” आजोबांचे वाक्य अवतरणचिन्हांत ठेवले नाही, कारण त्यांचे नेमके शब्द डायरीत कुठेच नाहीत. ताईचे म्हणणे तिच्या नावावर आणि भावाचे त्याच्या नावावर दिले. दोघांची सरासरी काढून तिसरी हकीकत तयार केली नाही. वाचकाची गती अशा वाक्यांनी थोडी अडखळते हे मला दिसते, पण एवढ्या मोठ्या मृत्यूच्या रात्रीविषयी लिहिताना मला तो अडखळा योग्य वाटतो.

राहिली कोरी पाने. भरायला सामग्री भरपूर आहे: ग्रंथालयातल्या वृत्तपत्रांच्या फायली, नंतर पाहिलेली छायाचित्रे, नातेवाइकांच्या हकीकती. पण किल्लारीला मी पहिल्यांदा गेले ते १९९६ मध्ये, हे त्या वर्षीच्या डायरीत आहे. म्हणजे पडलेल्या माळवदांची, ढिगाऱ्यांची जी दृश्ये मला ‘दिसतात’, ती मी त्या दिवसांत माझ्या डोळ्यांनी पाहिलेली असूच शकत नाहीत. वृत्तपत्रातले मी वृत्तपत्राचे म्हणून देते, आणि माझ्या त्या नऊ दिवसांविषयी ‘या दिवसांची नोंद नाही आणि विश्वासाने सांगण्यासारखे मला काही आठवत नाही’ एवढेच लिहिते. त्या दिवसांत मी का लिहिले नाही, याचे कारणही लावत नाही. भीती असेल, दुःख असेल, किंवा घरात जाता येत नसल्याने डायरी आतच राहिली असेल. यांतले कोणतेही एक निवडले तर परिच्छेद भारदस्त होतो, पण निवडायला माझ्याकडे पुरावा नाही.

आत्याच्या घरी त्या काळातली पत्रे एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेली आहेत. आजोबा औशाहून कधी परतले हे त्यांत असू शकते. दिवाळीत जाईन तेव्हा ती पेटी पाहू द्यायचे तिने कबूल केले आहे. तारीख सापडली तर लेखाच्या पुढच्या आवृत्तीत तो परिच्छेद बदलेन आणि कशावरून बदलला तेही तिथेच लिहीन.