शर्टाचे माप, मुंडू नेसवून

चवथीच्या आठवड्यात फोंड्यातल्या माझ्या दुकानात उसवायची-शिवायची कामे दाराबाहेर येतात. त्यातच एक जावईबापू मुंडू, म्हणजे केरळात लुंगीसारखे कमरेला गुंडाळायचे वस्त्र, आणि नवा पांढरा शर्ट घेऊन आले. मुंडू त्रिशूरच्या मित्राने दिलेला, कसवाच्या म्हणजे सोनेरी जरीच्या काठाचा. "मामा, आरशात मी बुटका दिसतो. शर्ट आवळून द्या."

मी म्हटले, आधी मुंडू नेसा, मग बघू.

उंची साडेपाच फुटांच्या आत. मुंडूचा पन्हा साधारण पन्नास इंच, आणि बेंबीपासून घोट्यापर्यंत त्यांना लागत होते सदतीस. उरलेले तेरा इंच त्यांनी कमरेवर बाहेरून गुंडाळले होते. तिथे टायरसारखा फुगवटा आला होता आणि त्यावर शर्ट चढला होता. मी वरचा काठ आत, सपाट दुमडून मग गुंडाळायला लावले. दोन वेढे घट्ट ओढून टोक खोचले की निम्मा फुगवटा जातो. पट्टा लावायचा तर त्यावरच, शर्टाखाली.

आता शर्ट. मागून तीस इंच लांब, आणि खालची कड पँटीत खोचायच्या शर्टासारखी गोल. मुंडू पँटीपेक्षा बराच वर, बेंबीशी बांधतात. शर्ट मात्र मांडीपर्यंत आला, की खालचा पांढरा पट्टा आखूड दिसतो आणि माणूस मधोमध कापल्यासारखा. शिवाय गोल कड बाजूला वर जाते, तिथूनच खोचलेले टोक डोकावते. कड सरळ केली, लांबी सव्वीसवर आणली, म्हणजे गाठ झाकून चार-पाच बोटे खाली. बाजूला दोन इंचांच्या चिरा ठेवल्या.

आवळायला मात्र मी साफ नकार दिला. सीटचे माप पँटीवर घेतलेले. मुंडूचे थर आणि दुमड धरून घेर तीन इंच वाढला होता. छातीत नीट बसणारा शर्ट खाली ताणला, की शेवटचे बटण तोंड उघडते आणि बसताना कड वर सरकते. शिवणीत दाबलेला कपडा होता म्हणून खालून सोडता आला. नसता, तर शेवटचे बटण मोकळे ठेवायला सांगितले असते.

रंगाचे मी न विचारताच बोललो. असा मुंडू दुधाळ पिवळसर असतो, शेजारी निळसर पांढरा शर्ट आला की मुंडूच मळका वाटतो. त्यांनी घरातला फिकट हिरवा खादीचा शर्ट आणला. विसर्जनाला मुंडू गुडघ्यापर्यंत वर दुमडला तरी तो शर्ट आड येणार नव्हता.

त्यांच्या सासऱ्यांनीही मग आपल्या शर्टाला सव्वीसच लांबी सांगितली. पण ते धोतर नेसतात. मागे खोचलेला कासोटा आणि पुढच्या निऱ्यांचा गोळा, दोन्ही कमरेला. आखूड शर्टाखाली पाठीशी कासोट्याची गाठ उघडी पडते आणि वाकले की शर्ट वर जातो. त्यांना मी तीस इंच आणि चिरा पाच इंचांच्या दिल्या. "जावयापेक्षा लांब?" ते म्हणाले. होय, आणि घेरही सैल.