मंगळवार पेठेतून नळ स्टॉपला: एसटी, मेट्रो आणि नकाशातल्या खुणा

काकांकडं पुण्याला जायचं ठरलं तेव्हा आईची एकच अट होती. "गुडघ्याचं बघ हां, जिने नकोत आणि पायपीट नको." काका नळ स्टॉपजवळ राहतात. कोल्हापूर ते पुणे हा प्रवास आमच्या अंगवळणी पडलेला आहे. अडचण असते ती स्वारगेटला उतरल्यावर, म्हणून या वेळी निघायच्या आधीच नकाशाच्या ॲपमध्ये सगळी ठिकाणं नीट साठवून घेतली.

गुगल मॅप्समध्ये खाली `You` वर गेलं की याद्या दिसतात. त्यातल्या `Labeled` मध्ये `Home` आणि `Work` या दोन जागा आधीपासूनच असतात. माझ्यासाठी `Work` म्हणजे शिरोली एमआयडीसीतला कारखाना आणि `Home` म्हणजे कोल्हापूरची मंगळवार पेठ. पत्ता टाइप करून पहिला पर्याय निवडला की काम झालं असं वाटतं, पण आमच्यासारख्या जुन्या पेठेत पत्त्यावरून येणारी पिन बऱ्याचदा वाड्याच्या मागच्या बोळात पडते. गाडीनं जाणाऱ्याचं यानं फारसं अडत नाही. बस आणि मेट्रोच्या मार्गात मात्र ॲप पिनपासून थांब्यापर्यंतचं चालणं मोजतं. पिन मागच्या बोळात असेल तर ते त्या बाजूचा थांबा सुचवतं, मधे भिंत आहे हे त्याला कळत नाही. त्यामुळं नकाशा मोठा करून पिन बोटानं सरकवायची आणि आपण जिथून बाहेर पडतो त्या दारावरच ठेवायची. कारखान्याचंही तसंच. प्लॉट एवढे मोठे की पिन शेडच्या मधोमध बसते आणि गेट असतं भलत्याच रस्त्याला.

काकांच्या घरासाठी त्यांना व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगितलं, आणि तेही घरातून नाही, सोसायटीच्या गेटवर उभं राहून. बंद खोलीत जीपीएसचा सिग्नल नीट मिळत नाही आणि ठिकाण शेजारच्या इमारतीवर दिसू शकतं. आलेलं लोकेशन नकाशात उघडून त्याला `Label` दिलं, "काका". आता शोधायच्या चौकटीत "काका" लिहिलं की तेच ठिकाण येतं.

याहून उपयोगी पडल्या त्या वाटेतल्या जागा. बहुतेक लोक घर, ऑफिस, आवडतं हॉटेल साठवतात आणि स्टँड साठवत नाहीत. मी आपलं मध्यवर्ती बसस्थानक "सीबीएस" म्हणून, शिवाय स्वारगेट मेट्रो स्टेशन आणि पुणे रेल्वे स्टेशन अशी तीन लेबलं वेगळी केली. कारण मंगळवार पेठ ते नळ स्टॉप असा सबंध मार्ग एकदम मागितला तर ॲपला ज्या सेवांचं वेळापत्रक मिळालेलं आहे त्यांच्यावरच ते मार्ग जोडतं. बससेवेनं वेळापत्रक दिलेलं नसेल तर ती बस रस्त्यावर धावत असली तरी मार्गात येत नाही. हे ओळखायचं सोपं आहे. नकाशात थांब्यावर बोट ठेवावं. पुढच्या गाड्यांच्या वेळा दिसल्या तर त्या थांब्याची माहिती ॲपकडं आहे. नुसतं नाव आणि फोटोच आले तर तिथं चौकशी खिडकीच खरी. म्हणून प्रवासाचे तुकडे केले: घर ते सीबीएस रिक्षा, सीबीएस ते स्वारगेट एसटी, आणि शेवटचा तुकडा, स्वारगेट मेट्रो ते "काका", तेवढा ॲपच्या भरवशावर.

हा शेवटचा तुकडा मी उलट्या बाजूनं काढला. काकूंनी जेवायला एकला बोलावलं होतं. बस-मेट्रोच्या चिन्हावर जाऊन वेळेच्या जागी `Arrive by` निवडलं, तारीख त्या दिवसाची टाकली आणि वेळ एकची. पर्यायांत `Less walking` लावलं. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ, मग जिल्हा न्यायालय, तिथं गाडी बदलायची आणि वनाजकडं जाणाऱ्या मार्गिकेनं नळ स्टॉप. चालण्यासकट अर्ध्या तासाच्या आसपासचा हिशोब. जिल्हा न्यायालयात एक मार्गिका खोल जमिनीखाली आहे आणि दुसरी उंच खांबांवर, त्यामुळं गाडी बदलायला ॲप जी मिनिटं धरतं ती तरण्या माणसाच्या चालीची समजावीत. आईबरोबर लिफ्टची वाट बघायची म्हणून मी त्यात दहा मिनिटं वाढवली. म्हणजे सव्वाबाराच्या सुमारास स्वारगेटला मेट्रोत बसायचं, एसटी बाराच्या आत पोचायला हवी, पाच-साडेपाच तासांचा रस्ता, तेव्हा सीबीएसवरून साडेसहाला निघायचं.

साडेसहाची गाडी मिळाली. पेठ नाका, कऱ्हाड, सातारा मागं पडले. खंबाटकीच्या घाटात मोबाइलची रेंज गेली. कोल्हापूर ते पुणे हा नकाशा मी ऑफलाइन उतरवून ठेवला होता, पण त्यात गाडीचाच रस्ता निघतो. बस, रेल्वे, मेट्रोचे मार्ग इंटरनेटशिवाय येत नाहीत. भुयारी स्टेशनातही रेंजचा भरवसा नको म्हणून मेट्रोच्या तुकड्याचे स्क्रीनशॉट निघायच्या आधीच काढले होते, आणि स्वारगेटला फलाटावर उभं राहून आईला तेच दाखवले. जिल्हा न्यायालयात लिफ्टनं वर आलो. आईनं एकही जिना चढला नाही. नळ स्टॉपला उतरल्यावर गेटपर्यंतची वाट बिनचूक निघाली. पिन गेटवर होती ना.

जेवणं झाल्यावर काकांबरोबर परतीचं बघत बसलो. "काका" ते "पुणे रेल्वे स्टेशन" असा मार्ग टाकला आणि `Fewer transfers` निवडलं, तर नळ स्टॉपहून रामवाडीकडं जाणारी मेट्रो थेट पुणे रेल्वे स्थानकाला नेते, गाडी बदलायचीच नाही. स्वारगेटला जाताना एकदा बदलावी लागते. रेल्वे मिरजेचा वळसा घालून जाते, म्हणून कोल्हापूरला पोचायला एसटीपेक्षा सहसा जास्त वेळ लागतो. पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला गाडीत पाय मोकळे करता येतात आणि मधली उतरचढ वाचते. परतीच्या दिवशी आम्ही दुपारची कोयना एक्स्प्रेस धरली. रात्रीची महालक्ष्मी घेणाऱ्यांनी मात्र एक तपासावं. ती पुण्यात मध्यरात्रीनंतर येते. तिकीटही आणि ॲपमधली तारीखही पुढच्या दिवसाची लागते, आणि त्या वेळी मेट्रो बंद असल्यानं स्टेशनपर्यंत रिक्षाच करावी लागते.

गाडीत बसल्यावर मामेभावाचा फोन आला. त्यालाही पुढच्या महिन्यात त्याच्या आईला घेऊन यायचंय. "तुझी सगळी लेबलं पाठव की मला," म्हणाला. लेबलं फक्त आपल्यालाच दिसतात, ती दुसऱ्याला पाठवता येत नाहीत. यादी मात्र पाठवता येते. मिरज यायच्या आत "पुणे फेरी" नावाची यादी केली, तिच्यात सीबीएस, स्वारगेट मेट्रो, जिल्हा न्यायालय, नळ स्टॉप आणि पुणे स्टेशन टाकलं, आणि जिल्हा न्यायालयाच्या टिपणात लिहिलं: लिफ्टनं वर, दहा मिनिटं जास्त धरणे. आमचं आणि काकांचं घर त्या यादीत घातलं नाही, कारण दुव्यावरून यादी कुणालाही उघडता येते. काकांच्या गेटची पिन त्याला वेगळी पाठवली.