तुम्ही विचारलंत म्हणून: नवरात्र आणि रक्त पातळ करायची गोळी

“डॉक्टरसाहेब, नऊ दिवस कडक उपास आहे. हार्टच्या गोळ्या उपाशीपोटी कशा घ्यायच्या? की दसऱ्यापर्यंत बंदच ठेवू?”

बंद नाही. वेळ मात्र बदलता येते, पण कुणाची आणि कुठल्या गोळीची, हे बघून.

हे सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणतं, “तुमचा देवावर विश्वास नाही.” एकादशी मीही करतो. माझं भांडण उपासाशी नाही, न विचारता केलेल्या उपासाशी आहे. सुरुवातीला मी सरळ ‘उपास करू नका’ म्हणायचो. लोक मान हलवायचे आणि घरी जाऊन घट बसवायचे. आता मी आधी विचारतो, “पाणी पिणार का? फराळ किती वेळा?” तरीही काही जण खोटं बोलतातच.

चोपडा तालुक्यातल्या एक ताई. वय बेचाळीस, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेला हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बदलून तिथे धातूचा बसवलेला. रोज संध्याकाळी एसिनोकुमारॉल, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, आणि सकाळी टॉर्सेमाइड, लघवीची गोळी. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, बरेच महिने तीनच्या आसपास, म्हणजे त्यांच्या व्हॉल्व्हला हवा तेवढाच. सातव्या माळेला त्यांना जीपमधून आणलं. नाकातून रक्त थांबत नव्हतं, दंडावर निळे डाग, उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी. बीपी वरचं ८४. मी काही विचारायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, “एकबी गोयी चुकनी नही, डॉक्टर.”

खरंच चुकली नव्हती, आणि घोळ तिथेच होता. ही गोळी शरीरातल्या के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते. ते जीवनसत्त्व मुख्यतः मेथी, पालक, कोबी अशा भाज्यांतून मिळतं. ताई सात दिवस एक वेळ वाटीभर भगर किंवा साबुदाण्यावर होत्या. भाजी पूर्ण बंद, गोळी तेवढीच, म्हणून रक्त जास्तच पातळ झालं. त्यात देवळापर्यंत अनवाणी चालून पाय दुखले म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. दिवसभर पाणी नाही, तरी टॉर्सेमाइड अंगातलं पाणी बाहेर काढतच होतं, म्हणून बीपी कोसळलं.

आयएनआर आला ६.८. अशा वेळी के जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन द्यायला हात शिवशिवतो. पण धातूच्या व्हॉल्व्हला ते परवडत नाही: रक्त एकदम घट्ट झालं तर व्हॉल्व्हवरच गुठळी बसते. म्हणून पातळ करायची गोळी थांबवली, जीवनसत्त्व तोंडाने अगदी कमी दिलं, लघवीची गोळी रोखली, सलाइन जपून सोडलं आणि रोज आयएनआर बघत राहिलो. नवमीला ताई जेवल्या. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून अशा पेशंटला मी सांगतो: घट बसण्याआधी आयएनआर करा, चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा करा. दसऱ्यानंतर आठवड्याने तिसऱ्यांदाही, कारण ताटात भाज्या परत आल्या की तोच आकडा खाली येतो आणि मग गुठळीची भीती. गोळी रोजच्याच वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्या. ज्यांना रिव्हारोक्सॅबनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी आहे, त्यांनी ती संध्याकाळच्या भरपेट फराळाबरोबरच घ्यावी, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. सोडली तर पायांवर सूज, रात्री धाप. पाणी बंद ठेवून घेतली तर ताईंसारखी चक्कर. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा उतरलं, तर डोस बदलायला मला फोन करा.

आणि केळी. रावेर-यावलच्या पट्ट्यात उपास म्हणजे केळीच. स्पायरोनोलॅक्टोनबरोबर टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल आणि मूत्रपिंड कमजोर असेल, तर डझनभर केळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि ठोके बिघडतात. याची आधी कसलीच जाणीव होत नाही.

काहींना मात्र मी नाहीच म्हणतो. हार्ट अटॅक येऊन दीड महिनाही झाला नाही, झोपल्यावर धाप लागते, महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे किंवा धातूच्या व्हॉल्व्हवर आयएनआर स्थिर राहत नाही, अशांनी उपास करूच नये. डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी आधी भेटावं, उपाशीपोटी त्या गोळीने रक्तात आम्ल साचू शकतं.

ताई आता उठता-बसता करतात. पहिली माळ आणि शेवटची, दोन्ही दिवशी पाणी आणि दोन वेळा फराळ. मधल्या दिवसांत जेवतात म्हणतात. सासूबाई म्हणतात, “थोडंफार.” थोडंफार म्हणजे किती, ते मला चौथ्या दिवसाच्या आयएनआरवरूनच कळतं.