कार्ड ठणठणीत, कॅमेरा ठणठणीत, आणि धडकेची क्लिप गायब

गाडीत कॅमेरे बसवण्याच्या आमच्या कामात 'रेकॉर्डिंग गेलं' म्हणत येणारी गिऱ्हाइकं नवी नाहीत. बहुतेक वेळा कार्ड मेलेलं असतं. ही केस डोक्यात राहिली, कारण हिच्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

पुण्यातला कॅबवाला. दुपारी सव्वाचारच्या सुमारास सिग्नलला मागून आलेली दुचाकी डाव्या दाराला घासून गेली आणि दुचाकीस्वारानं चूक कॅबवाल्याचीच ठरवली. कॅबवाला निर्धास्त, कॅमेरा आहे म्हणून. त्यानं रात्री दहापर्यंत भाडी मारली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड घेऊन आला.

कार्ड हातात आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे त्यावर काहीही लिहिलं जाऊ न देणं. मायक्रोएसडीला लॉक नसतं, पण मोठ्या अ‍ॅडॅप्टरच्या कडेला असतं. ती पट्टी लॉककडे सरकवून मगच कॉम्प्युटरला लावायचं. विंडोजनं 'फॉरमॅट करू का?' विचारलं तर नाही म्हणायचं. मग पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढायची आणि शोधाशोध त्या इमेजवर करायची.

धडकेची क्लिप नव्हती, आणि रिकव्हरीतही मिळणार नव्हती. हिशोबच तसा होता. पुढचा आणि मागचा कॅमेरा मिळून सेकंदाला 25 मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण 11 जीबी. कार्ड 64 जीबीचं. त्यातला तीस टक्के भाग या मॉडेलमध्ये लॉक केलेल्या, नेहमीच्या रेकॉर्डिंगनं पुसल्या न जाणाऱ्या क्लिपांसाठी राखीव, म्हणजे लूपला, जागा भरली की जुन्यावरच नवं लिहीत जाणाऱ्या रेकॉर्डिंगला, उरले 45 जीबी, जेमतेम चार तास. रात्री साडेआठच्या आत सव्वाचारच्या जागेवर नवं रेकॉर्डिंग बसलं होतं. डिलीट झालेली फाइल परत आणता येते, वरून लिहिली गेलेली नाही.

'पण धक्का बसला की क्लिप आपोआप लॉक होते ना?' होते, पण जी-सेन्सरला अपघात कळत नाही, फक्त हिसका कळतो. उभ्या गाडीला हँडल घासून गेलं तर फारसा हिसका बसत नाही, स्पीडब्रेकरवर बसतो. ज्या दुकानात कॅमेरा बसवला तिथं सेन्सर 'हाय'वर ठेवला होता. जास्त म्हणजे चांगलं, ही आमच्या धंद्यातली सार्वत्रिक समजूत. परिणाम असा की राखीव भाग स्पीडब्रेकर आणि खड्ड्यांच्या क्लिपांनी ठासून भरलेला. हा कॅमेरा निदान जुनी लॉक क्लिप पुसून पुढं जातो, काही मॉडेल 'कार्ड फुल' दाखवून लॉक करणंच थांबवतात. अशा घासाघाशीसाठी कॅमेऱ्यावर लॉकचं बटण असतं. ते दाबायचं असतं हे कॅबवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच गर्दीत एक क्लिप सापडली. सिग्नलच्या आधीच्या स्पीडब्रेकरनं 4:12 ते 4:15 ची क्लिप लॉक केली होती. धडक पुढच्या क्लिपमध्ये, ती गेलेली. पण मागच्या कॅमेऱ्यात तीच दुचाकी लेन बदलत गाड्यांमधून घुसताना स्पष्ट दिसते, नंबरासकट. चुकीच्या सेटिंगमुळेच ती वाचली, हे मला अजून पचलेलं नाही. तीन मिनिटांच्या जोडक्लिपा साधारण 560 एमबीच्या, राखीव भागात चौतीसेक मावतात. आणखी एक दिवस गाडी फिरली असती तर हीही गेली असती.

क्लिप कापायची नाही, नाव बदलायचं नाही. मूळ फाइलची कॉपी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली आणि हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडा, काढला:

```
certutil -hashfile FILE.MP4 SHA256
```

कॉपीचाही हॅश काढायचा, दोन्ही तंतोतंत जुळायला हवेत. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हा आकडा लागतो. कॅमेऱ्याचं घड्याळ दोन मिनिटं पुढं होतं. ते दुरुस्त करण्याआधी मोबाइलच्या वेळेशेजारी धरून फोटो काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून. मूळ कार्ड पाकिटात घालून त्याच्याकडेच दिलं.

नवं कार्ड 128 जीबीचं, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं. लोक वेगाच्या मागं लागतात, पण इथं सेकंदाला तीन एमबी लिहायचे आणि साधं यू1 कार्डही दहा पेलतं. खरा प्रश्न झिजेचा. दिवसाला दहा तास गाडी चालली की 110 जीबी लिहिले जातात, म्हणजे 64 चं कार्ड रोज जवळपास दोनदा भरतं. कॅमेरा 128 घेतो का हे आधी मॅन्युअलमध्ये बघितलं, कारण काही कॅमेरे 32 च्या पुढं जातच नाहीत. बनावट नाही ना हे H2testw नं पूर्ण भरून तपासलं आणि शेवटी कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं. सेन्सर 'लो', क्लिप एक मिनिटाची, आणि लॉकचं बटण त्याच्याकडून अंधारात चाचपून दाबून घेतलं. घासलेल्या दाराचा दावा अजून लटकलेलाच आहे.