निकालवही, नोंद सातवी: नफा २२ टक्क्यांनी वाढला, तरी भाव ७ टक्क्यांनी का पडला?

कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या या वहीतील गेल्या नोंदीत मी ‘आश्चर्य’ या रकान्याबद्दल मोठ्या विश्वासाने लिहिले होते. प्रत्यक्ष ईपीएस, म्हणजे प्रति शेअर कमाई, विश्लेषकांच्या सरासरी अंदाजापेक्षा किती वर किंवा खाली आला, हे त्यात नोंदवायचे आणि शेजारी दुसऱ्या दिवशीची भावातील हालचाल लिहायची, अशी ती मांडणी होती. या तिमाहीत एका कंपनीने ती मांडणी पार मोडीत काढली आणि दोन आठवडे मी त्याच एका नोंदीवर अडकून पडलो.

मागच्या वर्षी याच तिमाहीत ५.०० असलेला ईपीएस या वेळी ६.१० झाला, म्हणजे वाढ २२ टक्के. सरासरी अंदाज ५.९० होता, तेव्हा तोही ओलांडला गेला. तरीही निर्देशांक जागच्या जागी असताना शेअर ५०० वरून ४६५ वर आला. जमीन विकून आलेल्या एकरकमी उत्पन्नाने नफा फुगला असेल, अशी पहिली शंका आली. पण इतर उत्पन्न नेहमीइतकेच होते.

मग मी सरासरी फोडून पाहिली. अंदाज एकूण दहा होते. त्यांपैकी सात महिन्याभराहून जुने होते आणि त्यांची सरासरी ५.७५ येत होती. उरलेले तीन शेवटच्या दहा दिवसांतले, त्याच क्षेत्रातील दुसऱ्या कंपनीचा दमदार निकाल आल्यानंतरचे होते आणि त्यांची सरासरी ६.२५ होती. बाजार या ताज्या आकड्याकडे पाहत असेल, तर ६.१० हा आकडा सरस नव्हे, थोडा कमीच ठरतो. मी वापरतो ती माहितीसेवा केवळ सरासरी दाखवते आणि अंदाजांच्या तारखा कोपऱ्यातल्या एका तक्त्यात दडवते, हे मला अजिबात पटत नाही. तारखेवाचून अंदाजाला फारसा अर्थ उरत नाही.

तरीही सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या तुटीने भाव सात टक्के पडावा, हे गणित जुळेना. ते जुळले निकालाआधीचे दहा आठवडे तपासल्यावर. त्या काळात भाव ४०० वरून ५०० वर गेला होता, म्हणजे २५ टक्के. पण पूर्ण वर्षाच्या ईपीएसचा अंदाज २० वरून २१ पर्यंतच, म्हणजे ५ टक्केच सरकला होता. पीई, म्हणजे भाव भागिले ईपीएस, आधीसारखा २० च राहिला असता, तर भाव ४२० व्हायला हवा होता. वरचे ८० कागदावरच्या अंदाजात कुठेच नव्हते; ते अंदाजापलीकडच्या अपेक्षेचे होते. उलटे गणित केले, तर २० च्या पीईने ५०० भाव द्यायला २५ ईपीएस लागतो, आणि लेखी अंदाज होता २१.

निकालानंतर काय झाले, ते मला सर्वांत बोलके वाटते. वर्षाचा अंदाज २१ वरून २१.५ झाला, म्हणजे वाढलाच. पीई मात्र २३.८ वरून २१.६ वर उतरला. कमाई सुमारे अडीच टक्क्यांनी वर आणि पीई नऊ टक्क्यांनी खाली, यांचा गुणाकार बरोबर ती सात टक्क्यांची घट देतो. हे जुळल्यावर खूप आनंद झाला आणि जुन्या नोंदींतली दोन कोडीही याच रीतीने सुटली.

रे बॉल आणि फिलिप ब्राउन या लेखाशास्त्राच्या संशोधकांनी १९६८ सालीच दाखवले होते की वार्षिक नफ्यातील माहितीचा ८५ ते ९० टक्के भाग जाहीर होण्याआधीच भावात उतरलेला असतो. हे मी आधी वाचले होते. स्वतःच्या वहीत पाहिल्यावर ते खऱ्या अर्थाने कळले.

या रीतीत एक कच्चा दुवा आहे. ‘मूळ पीई २०’ हे मी धरून चाललो आहे. त्या दहा आठवड्यांत व्याजदर उतरले असते, तर सगळ्याच शेअरांचा पीई वाढला असता आणि ते ८० कंपनीकडून असलेल्या अपेक्षेच्या खात्यात टाकणे चूक ठरले असते. म्हणून त्या काळात निर्देशांकाचा पीई किती बदलला, तेवढा वजा करायला हवा. येथे तो जवळपास स्थिर होता, त्यामुळे निभावले.

‘आश्चर्य’ रकाना काढून टाकायचा, असे ही नोंद सुरू करताना ठरवले होते. आता तो ठेवतो, पण फक्त तीस दिवसांतल्या अंदाजांवर. शेजारी नवा रकाना ‘आधीची धाव’: निकालाआधीच्या ५० सत्रांतील भाववाढीतून निर्देशांकाची वाढ आणि अंदाजातील वाढ वजा करून उरेल ते. लिहिता लिहिता आणखी एक सुचले, की हा आकडा निकालाच्या आदल्या संध्याकाळीच भरून त्यावर तारीख टाकावी, म्हणजे निकाल पाहून मूळ पीई सोयीने निवडण्याची वाट बंद होईल. पुढच्या तिमाहीतील पहिल्या पाच कंपन्यांचे रकाने त्याप्रमाणे आखून ठेवले आहेत.