कागद फिरायचा आणि चूक कुणाचीच नसायची

सातवीतलं बाकी फारसं आठवत नाही, पण इंग्रजीच्या तासाला फिरणारा तो एक कागद मात्र लख्ख आठवतो.

त्याच्या आधीच्या वर्षी स्पेलिंग म्हणजे उभं राहायचं. सगळा वर्ग उभा, शब्द विचारला, चुकलं की खाली बसायचं. मी पहिल्या पाचात बसायचो आणि मग उरलेला अर्धा तास दुसऱ्यांची स्पेलिंगं नुसती ऐकायचो. आता विचार केला की वाटतं, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात आधी खेळाबाहेर, आणि ज्याला सगळं येतंय त्यालाच शेवटपर्यंत शब्द मिळत राहणार, हे उलटंच होतं ना. मला तर 'मॅडमचं बोट माझ्याकडे वळलं' एवढ्यावरच येत असलेली अक्षरंही विसरायला व्हायची.

सातवीत बाई बदलल्या आणि त्यांनी खेळच बदलला. चौघांचा गट, एक कागद, एक पेन्सिल, एक खोडरबर. बाई शब्द उच्चारणार आणि एका वाक्यात वापरून दाखवणार. मग कागद फिरणार, आपल्याकडे आला की तीनपैकी एकच गोष्ट करायची: पुढचं एक अक्षर लिहायचं, किंवा आधीचं एखादं दुरुस्त करायचं (मध्ये घुसवलं, खोडलं, बदललं, सगळं चालेल), किंवा काही न करता कोपऱ्यात एक टिंब द्यायचं. ओळीने चार टिंबं पडली की शब्द संपला. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत. एका तासाला सहाच शब्द, पंधरा-वीस मिनिटांत खेळ संपायचा.

वेन्सडे हा शब्द होता तो दिवस सांगतो. पहिल्याने डब्ल्यू लिहिला, दुसरीने ई, मग मी. मी ऐकू आलं तसं एन लिहिलं, कारण आपल्याला सवय असते ना, जसं बोलतो तसं लिहायचं. चौथ्याने एस लिहिला, पहिल्याने डी. दुसरीकडे कागद गेला तर तिने पुढचं अक्षर न लिहिता मागे जाऊन ई आणि एनच्या मध्ये डी घातला. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मी ए लिहिला, चौथ्याने वाय. मग दोन टिंबं पडून कागद परत माझ्याकडे आला. तोपर्यंत मी बाईंनी शिकवलेली युक्ती मनात करत होतो, शब्द लिहिलाय तसा तोडून म्हणायचा, वेड-नेस-डे. 'नेस' म्हणताना लक्षात आलं की एन आणि एसच्या मध्ये ई हवा. तो मीच घातला, आणि मग सलग चार टिंबं पडली.

खेळात खोटही होती, नाही असं नाही. आमच्या गटातली ती दुसरी हुशार होती, आणि थोड्या दिवसांत चौथा मुलगा दर वेळी टिंबच द्यायला लागला, ती करेल बरोबर म्हणून. गटाचे शब्द बरोबर येतात पण यातलं कुणाला काय येतं ते कागदावरून कळत नाही. बाईंना ते कोपऱ्यातल्या टिंबांवरूनच कळलं असावं, शब्द अजून अर्धवट आणि टिंबं मात्र भरपूर. त्यांनी त्याला काहीच बोलून दाखवलं नाही, दोन गोष्टी केल्या. गट दर आठवड्याला बदलले, आणि खेळ झाला की प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर तेच सहा शब्द लिहायचे: बघायचं, हाताने झाकायचं, लिहायचं, हात काढून आपलं आपण तपासायचं. चुकलेला शब्द फक्त पुढच्या तासासाठी परत लिहून ठेवायचा. ते पान दुसऱ्या कुणी बघायचं नाही, हा नियम त्या खूप कडक पाळायच्या, एकदा एकाने शेजाऱ्याच्या पानावर डोकावलं तर त्याला लगेच दुसऱ्या बाकावर बसवलं.

कागद गोळा झाले की बाई चुकलेली दोन-तीन स्पेलिंगं फळ्यावर घ्यायच्या. कागद कधीच दाखवायच्या नाहीत, स्वतःच्या अक्षरात लिहायच्या, म्हणजे अक्षर ओळखून कुणाचं ते कळायला नको. आणि पहिला प्रश्न 'कुठे चुकलं' नाही, 'यात किती अक्षरं बरोबर आहेत' हा. नऊपैकी आठ बरोबर आहेत, मग नववं शोधूया.

एकदा आमच्याच गटाचा शब्द फळ्यावर आला. बिकॉज, पण यूच्या जागी डब्ल्यू पडलेला. मागच्या बाकावरून एकाने हळूच विचारलं, हा कुणाचा रे? मी त्या डब्ल्यूकडे बघत बसलो, तो मी लिहिला होता की बदलताना कुणी केला होता तेच मला आठवेना. म्हटलं, माहीत नाही रे, आणि ते खरंच होतं.