आमची वाटचाल: कापलं गेलेलं घुबड

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. मैदानी रेकॉर्डिंगमधला वारा काढायचा आमचा खाक्या एकच, 300 हर्ट्झला हाय-पास, म्हणजे त्याखालचा आवाज कापून टाकायचा. छोट्या पक्ष्यांची शीळ त्याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे दोन वर्षं कुणी हरकत घेतली नाही.

मग मोठ्या घुबडाचं काम आलं. एका संग्रहासाठी चाळीस फाइल. घुबडाची हाक 300 ते 400 हर्ट्झच्या आसपास, आणि आम्ही सवयीने तिथेच कात्री चालवली. घुबड लांबून नळीत फुंकल्यासारखं वाजू लागलं. सगळं काम परत आलं, पैसे बुडाले आणि भागीदारही गेला. त्याच महिन्यात एका स्पर्धकाने ‘एका क्लिकमध्ये वारा गायब’ म्हणत आमची निम्मी गिऱ्हाइकं नेली. तो डीनॉइज, म्हणजे आपोआप गोंगाट काढणारं साधन, लावायचा. डीनॉइज मागचा एकसारखा ‘स्स्स’ आवाज ओळखायला शिकतो, पण वाऱ्याचा प्रत्येक झोत वेगळा, त्यामुळे मागे पाण्यातल्या बुडबुड्यांसारखी चिवचिव उरते. ती लोकांनी पक्षी म्हणून ऐकली! हे मी अजून विसरलेलो नाही.

गिऱ्हाइकांत टिकले ते एक सर. निवृत्तीनंतर रात्री-अपरात्री जंगलात बसणारे. म्हणाले, “घुबड मला परत हवंय, वारा थोडा राहिला तरी चालेल.” त्या वाक्यावर आमची आजची पद्धत उभी आहे.

त्यांची मूळ फाइल पुन्हा काढली. सगळीकडे फक्त 120 हर्ट्झखालचं कापलं. मग आवाजाचं चित्र दाखवणारा स्पेक्ट्रोग्राम उघडून एकेक झोत हाताने निवडला. दोन हाकांच्या मधला झोत बराच दाबला, हाकेवर आलेला मात्र 250 हर्ट्झच्या खालीच, तोही 10-12 डेसिबलपुरता. सरांचा अंगठा माइकच्या मुठीवर घासला होता, त्याचे ठोके तळाशी जाड पाचरीसारखे दिसत. ते शेजारच्या अर्ध्या सेकंदातल्या आवाजाने भरले. नुसते पुसले असते तर रातकिड्यांच्या आवाजात प्रत्येक ठोक्याला भोक पडलं असतं. जुन्या हेडफोनच्या उशीचं रेक्झिन त्या आठवड्यात माझ्या कानाला चिकटून सोललं.

तीन हाका सोडाव्या लागल्या. तिथे तरंगाचा माथा सपाट होता, तोही पातळी कमाल नसताना. म्हणजे आवाजाची पातळी वाढवणाऱ्या गेनच्या आधीच वाऱ्याने इनपुट भरला होता. असा कुरकुराट वरपर्यंत पसरतो, मग खालचं कितीही कापा.

नंतरची सात वर्षं कामातच गेली.

विचारलं नाहीत तरी सांगतो, वारा अडवणारं माइकचं केसाळ आवरण, म्हणजे डेडकॅट, घरी ठेवू नका. माइक हातात धरण्यापेक्षा धक्के शोषणाऱ्या शॉकमाउंटवर बसवा, केबलला एक सैल वळसा द्या आणि नायलॉनचं जॅकेट काढून ठेवा. हाकेआधीची अर्धा मिनिट शांतताही रेकॉर्ड करा, ठोके भरायला तीच लागते. सर आजही ती शांतता वेगळी फाइल करून पाठवतात, नाव असतं ‘रिकामं’.